रा॰ रा॰ मधलं वर्तुळ जसं आहे तसं उतरवा

आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीतली एक ओळ आधी समोर ठेवते. शाई तपकिरी पडली आहे, पण अक्षर स्वच्छ आहे.

ता॰ ५।६।१९३८ रा॰ रा॰ ग॰ वि॰ यांस रु॰ १०॥ दिले

या एवढ्या ओळीत सात वर्तुळं आहेत. त्यातली सहा एका जातीची आणि एक वेगळ्या जातीचं. ‘ता’, ‘रा’, ‘रा’, ‘ग’, ‘वि’ आणि ‘रु’ यांच्यापुढची वर्तुळं म्हणजे शब्द इथे तोडला आहे अशी खूण. दहाच्या आकड्यातलं वर्तुळ म्हणजे शून्य. शिवाय या ओळीत उभे दंड दोन प्रकारचे आहेत. तारखेतले एकेकटे दंड दिवस, महिना आणि साल वेगळे करतात. दहाच्या पुढचे दोन दंड म्हणजे अर्धा, म्हणजे साडेदहा रुपये, दहा रुपये आठ आणे. आजोबांना हे कुठे लिहून ठेवावं लागलं नाही, कारण त्यांच्या पिढीतल्या कुणालाही ते वाचताना अडत नव्हतं.

ही वही आमच्या घरातल्या एका तरुण मुलाने मोठ्या हौसेने टाइप केली. या ओळीत त्याने ‘रा॰ रा॰’चं ‘राजमान्य राजश्री’ केलं, बाकीच्या वर्तुळांच्या जागी टिंबं दिली, तारखेत तिरक्या रेघा घातल्या आणि दहाच्या पुढचे दोन दंड वाक्याचा शेवट समजून काढून टाकले. ओळ दिसायला सुबक झाली. मी पानाखालची बेरीज ताडून पाहिली, ती आठ आण्यांनी चुकत होती. आजोबांची बेरीज सहसा चुकत नसे, म्हणून मी मूळ पान काढलं आणि ते दोन दंड सापडले. बेरीज होती म्हणून चूक कळली. नावांना, पदव्यांना आणि नात्यांना खाली बेरीज नसते. तिथे चूक झाली तर ती कळण्याचा रस्ताच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: जुनं हस्तलिखित उतरवताना नावातली आणि बिरुदातली लाघवचिन्हं, म्हणजे संक्षेपाच्या खुणा, लिहिणाऱ्याने जशा दिल्या तशाच उतरवायच्या. वर्तुळ असेल तर वर्तुळ, टिंब असेल तर टिंब, दंड असतील तर दंड आणि काहीच नसेल तर काहीच नाही. शब्द पूर्ण करून द्यायचा असेल तर तो बाजूला, वेगळा, उतरवणाऱ्याच्या नावावर. आज ठिकठिकाणी जुनी दप्तरं स्कॅन होत आहेत, शाळांची जनरल रजिस्टरं संगणकात जात आहेत, घराघरांत वंशावळी जुळवल्या जात आहेत. हे काम एकदाच होणार आहे. मूळ कागद कपाटात परत गेला की पुढचे लोक टाइप केलेलंच वाचणार.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. नव्या लिखाणात वर्तुळ परत आणा असं मी म्हणत नाही. आज आपण ‘श्री.’, ‘डॉ.’, ‘सौ.’ असं टिंब देऊन लिहितो, शाळेच्या व्याकरणातही पूर्णविरामाचा दुसरा उपयोग आद्याक्षरांपुढे देण्यासाठी म्हणून शिकवतात, आणि ते ठीकच आहे. पण हे टिंब मराठीत उशिरा आलं. पूर्वी वाक्याचा शेवट दंडाने होई, नाहीतर मजकूर सलग चाले. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठीत रुजवली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. छापखान्यात टिंब हळूहळू रुळलं. हातातल्या लेखणीत मात्र वर्तुळ पुढे कितीतरी वर्षं टिकलं, कारण बोरूने किंवा टाकाने टिंब दिलं की ते शाईच्या डागासारखं दिसतं, शेजारच्या अनुस्वारात मिसळतं. वर्तुळ मुद्दाम काढावं लागतं, त्यामुळे ते चुकून पडलं असं कुणाला वाटत नाही.

मोडीत तर याहून वेगळी तऱ्हा. मोडी कागदांच्या छापील बाळबोध नकलांमध्ये एखादं अक्षर आणि त्यापुढे उभे दंड असे संक्षेप पानोपानी भेटतात. म्हणजे दोन दंड एका जागी अर्धा रुपया सांगतात, दुसऱ्या जागी ‘हा शब्द तोडलेला आहे’ असं सांगतात आणि तिसऱ्या जागी श्लोकाचा शेवट करतात. हे तिन्ही एकाच बंडलात येऊ शकतात. उतरवणाऱ्याने यातलं काय आहे हे ठरवून, स्वतःच्या मताप्रमाणे आजचं चिन्ह घातलं, तर पुढच्या वाचकाला ते मत तपासून पाहण्याची सोय उरत नाही.

आता बिरुदांकडे येते, कारण खरा घोळ तिथे होतो.

संक्षेप पूर्ण करणं सोपं वाटतं, कारण आपल्याला वाटतं की आपल्याला तो माहीत आहे. ‘रा’ घ्या. ‘रा॰ रा॰’ असं जोडीने आलं तर राजमान्य राजश्री. पत्त्यात गावाच्या नावाआधी आलं तर राहणार. निमंत्रणपत्रिकेत आकड्याआधी आलं तर रात्री. नावाच्या सुरुवातीला आलं तर राम, रामचंद्र, राघव, राजाराम, काहीही. ‘ता’ म्हणजे तारीख आणि ‘ता’ म्हणजे तालुकासुद्धा. आद्याक्षरांचं तर बोलायलाच नको. मराठीत आपण नावाचं पहिलं अक्षर मात्रेसकट घेतो, त्यामुळे इंग्रजीपेक्षा अंदाज बांधायला थोडी मदत होते, पण किती? वि. का. राजवाडे म्हणजे विश्वनाथ, वि. स. खांडेकर म्हणजे विष्णू, वि. दा. सावरकर म्हणजे विनायक. एकाच ‘वि’ची तीन नावं झाली, आणि ही माणसं प्रसिद्ध आहेत म्हणून आपल्याला ती कळतात. आजोबांच्या वहीतला ‘ग॰ वि॰’ गणेश होता, गजानन होता की गणपत होता हे कळत नाही; गोविंद नक्की नव्हता, एवढंच मी सांगू शकते. गोविंद असता तर आजोबांनी ‘गो॰’ लिहिलं असतं. ही बारीकशी खात्रीसुद्धा मूळ अक्षर जसंच्या तसं राहिलं म्हणूनच मिळते.

लग्नपत्रिकांमधलं ‘चि॰ सौ॰ कां॰’ हे याहून अवघड. यात वर्तुळं तीन आहेत, पण शब्द दोनच: चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी. दुसरा शब्द दोन ठिकाणी तोडला आहे. एका वंशावळीत मी हे पाहिलं की नवरीच्या नावाच्या रकान्यात ‘सौ. कांता’ असं आलं होतं आणि तिचं खरं नाव त्यापुढे, जणू दुसरं नाव असल्यासारखं. ज्याने पत्रिका उतरवली त्याने ‘कां॰’मधलं वर्तुळ गाळलं, त्याच्या पुढच्या माणसाला ‘कां’ हे अर्धवट राहिलेलं नाव वाटलं, आणि त्याने ते चांगल्या मनाने पूर्ण केलं. दोघांपैकी कुणीही खोटं लिहायला बसलं नव्हतं. वर्तुळ राहिलं असतं तर निदान तिसऱ्या माणसाने विचारलं असतं की हे काय आहे.

‘गं॰ भा॰’ बद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे. गंगाभागीरथी हे बिरुद विधवेच्या नावाआधी लावत. आज ते कुणाच्याही नावाआधी लावू नये असं माझं ठाम मत आहे, बाईची ओळख नवरा आहे की नाही यावरून का व्हावी? याच कारणाने काही लोक जुनी पत्रं आणि नोंदी उतरवताना ते काढून टाकतात किंवा तिथे ‘श्रीमती’ घालतात. त्यामागची भावना मला कळते, पण ही कृती मला मान्य नाही. आमच्याकडे थोरल्या आत्याआजीला आलेली पत्रं आहेत, त्यातल्या निम्म्यांवर तारीख नाही. लिफाफे गेले, शिक्के गेले. ती पत्रं क्रमाने लावता आली ती एकाच खुणेवरून: काहींच्या मायन्यात ‘सौ॰’ आहे आणि काहींच्या ‘गं॰ भा॰’. आत्याआजीचे यजमान कोणत्या साली गेले हे घरात माहीत होतं, त्यामुळे पत्रांचे दोन गठ्ठे आपोआप झाले. त्यातल्या एका पत्रात लिहिणाऱ्याने सवयीने ‘सौ’ लिहून, ते खोडून, वर बारीक अक्षरात ‘गं॰ भा॰’ लिहिलं आहे. बातमी ताजी असणार. ते पत्र मी उतरवताना खोडलेलं ‘सौ’ही उतरवलं, आणि त्यापुढे वर्तुळ नाही हेही पाहिलं. वर्तुळ काढायच्या आधीच हात थांबला होता. ‘श्रीमती’ घालून हे सगळं पुसलं असतं तर कुठल्या बाईचा सन्मान वाढला असता?

आणि मग सरकारी कागद. सातबारा आणि फेरफार ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ‘अ॰ पा॰ क॰’ माहीत असतं. अज्ञान पालन कर्ता. जमीन अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या नावे आहे आणि त्याच्या वतीने अमुक माणूस बघतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुलाचं नाव आधी, मग ही तीन अक्षरं, मग पालन करणाऱ्याचं नाव. पालन करणारा मालक नसतो. पण ही तीन अक्षरं काढली तर ओळीत उरतात दोन नावं, एकापुढे एक, आणि वाचणाऱ्याला दोघंही खातेदार वाटतात.

आमच्या नात्यातल्या एका घरात नेमकं हेच झालं. जुना फेरफार हाताने लिहिलेला होता आणि त्यात मुलाच्या नावापुढे ‘अ॰ पा॰ क॰’ व त्यापुढे चुलत्याचं नाव होतं. पहिल्यांदा ज्याने तो दुसऱ्या कागदावर घेतला त्याने वर्तुळं गाळून तीन अक्षरं सलग लिहिली: ‘अपाक’. दुसऱ्यांदा ज्याने ते टाइप केलं त्याला हा शब्द कळेना. कळत नाही तो शब्द चुकीचा असावा म्हणून त्याने तो काढला आणि दोन नावांमध्ये स्वल्पविराम दिला. मुलगा मोठा झाला, चुलता वारला, आणि काही वर्षांनी चुलत्याच्या वारसांनी अर्ध्या जमिनीवर हक्क सांगितला. त्यांनीही लबाडी केली नव्हती, त्यांच्या हातातल्या कागदावर तसंच दिसत होतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करायची तरतूद आहे. त्याखाली अर्ज झाला, सगळ्या संबंधितांना नोटिसा गेल्या, आणि शेवटी उपयोगी पडली ती मूळ हस्तलिखित फेरफाराची नक्कल. त्यात तीन अक्षरांपुढची तीन वर्तुळं ठसठशीत होती, त्यामुळे हा कुणाच्या नावाचा भाग नसून संक्षेप आहे याबद्दल वाद उरला नाही. पण तोवर दोन घरांतलं जाणं-येणं तुटलं होतं, आणि ते अजून पूर्ण जुळलेलं नाही.

या हकिगतीत चूक कुठे झाली ते नीट पाहावं. ती दुसऱ्या माणसाने शब्द काढला तेव्हा झाली असं वाटतं, पण खरी ती पहिल्या माणसाने वर्तुळं गाळली तेव्हाच झाली. वर्तुळं असती तर ‘अ॰ पा॰ क॰’ हे कुणालाही न कळलं तरी काहीतरी संक्षेप आहे एवढं कळलं असतं, आणि न कळणारा संक्षेप कुणी सहसा काढत नाही, तो विचारतो. खुणेचं काम तेवढंच असतं: इथे काहीतरी शिल्लक आहे हे सांगणं. काय शिल्लक आहे ते ती सांगत नाही, आणि म्हणूनच ती गेली की प्रश्नही जातो.

आपल्या कचेऱ्यांमध्ये नकलेच्या खाली दोन सह्या असतात, एक नक्कल करणाराची आणि एक रुजवात घेणाराची. रुजवात म्हणजे मूळ आणि नक्कल अक्षराला अक्षर लावून पाहणं. जुना शब्द आहे ‘अस्सलबरहुकूम’, अस्सल आहे त्याबरहुकूम. ही पद्धत आपल्याकडे होती आणि कागदावर अजून आहे. टाइप करण्याच्या घाईत रुजवात फक्त शब्दांची होते, खुणांची होत नाही. खुणांचीही व्हावी एवढीच माझी मागणी आहे.

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने गावोगावच्या जुन्या नोंदी पुन्हा बाहेर निघाल्या आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. एका अक्षरावर माणसाचा दाखला ठरू शकतो हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. अशा नोंदीत एखाद्या रकान्यात एकच अक्षर आणि पुढे खूण असेल, तर उतरवणाऱ्याने तेच एक अक्षर आणि तीच खूण लिहायची. त्याचा अर्थ काय लावायचा हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याचा आहे, आणि त्याच्यासमोर उतरवणाऱ्याचा अंदाज पुरावा म्हणून जाता कामा नये. हा अंदाज अर्जदाराच्या बाजूचा असो की विरुद्ध, दोन्ही सारखेच वाईट.

आता संगणकावरची गोष्ट, कारण प्रामाणिकपणे वर्तुळ ठेवू पाहणारेही इथे फसतात. दिसायला एकसारखी, पण संगणकाच्या दृष्टीने वेगळी अशी निदान तीन वर्तुळं आहेत. देवनागरी शून्य, ज्याचा क्रमांक `U+0966`. तापमानाच्या अंशाची खूण, `U+00B0`. आणि आपलं लाघवचिन्ह, `U+0970`, ज्याचं युनिकोडमधलं नाव `DEVANAGARI ABBREVIATION SIGN` असं आहे. मोडीसाठीही २०१४ मध्ये स्वतंत्र अक्षरसंच आला आणि त्यात संक्षेपाची स्वतंत्र खूण आहे, `U+11643`. म्हणजे सोय झालेली आहे. आपण ती वापरत नाही.

कारण साधं आहे. बहुतेक कळफलकांवर लाघवचिन्ह वरवर दिसत नाही आणि शून्य दिसतं. त्यामुळे लोक ‘रा०’ असं शून्य घालून लिहितात. पडद्यावर फरक जवळजवळ कळत नाही, पण आत फरक मोठा आहे. शून्य हा आकडा आहे. कुणी पुढे सगळे मराठी आकडे इंग्रजी करायचा आदेश दिला की ‘रु० १०’चं ‘रु0 10’ होतं आणि ‘नं० १२’ला ‘नं 012’ असं रूप यायला वेळ लागत नाही. गट क्रमांकांच्या यादीत हे घडलं तर पुढे काय होईल ते वेगळं सांगायला नको. अंशाची खूण घातली तर आकड्यांचा घोळ होत नाही, पण ती देवनागरीतली नाही, त्यामुळे अक्षरवळण बदललं की ती अंतराळी लटकते किंवा दुसऱ्याच आकाराची येते. छायाचित्रावरून अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीही इथे चुकतात. वर्तुळ लहान आणि शिरोरेषेजवळ असेल तर त्याचा अनुस्वार होतो, मोठं आणि खाली असेल तर शून्य.

आधीच टाइप झालेला मजकूर तपासायचा असेल तर एक साधी युक्ती आहे. आकड्याला लागून असलेलं शून्य बहुधा खरं असतं, अक्षराला किंवा मात्रेला थेट चिकटलेलं शून्य जवळजवळ नेहमी लाघवचिन्हाच्या जागी आलेलं असतं. शोधताना हा साचा द्यायचा:

```
[\u0900-\u0963]\u0966
```

जेवढ्या जागा सापडतील तेवढ्या मूळ पानाशी ताडून बदलायच्या, एकदम सगळ्या बदलायच्या नाहीत. आजोबांच्या वहीची, जिथे टिंबांऐवजी शून्यं पडली होती ती पानं मी अशीच दुरुस्त केली. सापडलेल्या जागांमध्ये दोन ठिकाणी खरंच शून्य होतं, आजोबांनी ‘नग’ आणि ‘१०’ यांच्यामध्ये जागा सोडली नव्हती आणि टाइप करणाऱ्याकडून एकचा आकडा गळला होता. एकदम बदललं असतं तर दहा नगांऐवजी ‘नग॰’ राहिला असता.

इथे एक खरा प्रश्न उभा राहतो आणि तो मी टाळणार नाही. जसंच्या तसं म्हणजे नक्की काय? जुन्या छापखान्यांत लाघवचिन्हाचा वेगळा खिळा नसला तर जुळारी शून्याचाच खिळा लावत. मग ते छापील पान उतरवताना शून्य टाइप करायचं का? माझं उत्तर नाही असं आहे. जुळाऱ्याने शून्य लिहिलं नव्हतं, त्याने संक्षेपाची खूण दिली होती आणि त्यासाठी हाताशी असलेला खिळा वापरला होता. आपण खूण उतरवायची, खिळा नाही. हाताच्या लिखाणातही वर्तुळ कधी ओळीच्या मध्यावर असतं, कधी तळाला, कधी पुरतं बंद होत नाही. या सगळ्यासाठी `U+0970` एकच पुरे. पण टिंबाचं वर्तुळ करायचं नाही, आणि दंडाचंही नाही, कारण तिथे लिहिणाऱ्याने वेगळी खूण निवडली होती. एकाच पत्रात एकच माणूस वर ‘ती॰’ आणि खाली ‘ता.’ लिहितो तेव्हा ते दोन्ही तसेच ठेवायचे. ‘एकसारखं करून टाका’ हा संपादकाचा मोह इथे आवरायला हवा.

खूण ओळखायची कशी, हे ज्यांनी मूळ कागद हाताळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाळबोध अक्षरात शिरोरेषा वर्तुळाच्या आधी संपते, वर्तुळावरून जात नाही. अनुस्वार शिरोरेषेच्या वर असतो आणि अक्षराच्या डोक्यावर, तर लाघवचिन्ह उजवीकडे, शिरोरेषेच्या खाली. शून्य शेजारच्या आकड्यांच्या उंचीचं असतं, वर्तुळ बहुधा त्याच्या निम्मं. तरीही शंका राहिली तर त्याच माणसाच्या हातचे आणखी दोन-चार संक्षेप काढून पाहावेत, प्रत्येक हाताची सवय वेगळी असते. तेवढं करूनही डाग की खूण हे कळलं नाही तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह द्यावं. प्रश्नचिन्ह देण्यात कमीपणा नाही.

याच्या विरोधात एक म्हणणं मी वारंवार ऐकते आणि ते वजनदार आहे. वाचणाऱ्याला हे कळणार कसं? आजच्या मुलांना ‘कृ॰ सा॰ न॰ वि॰ वि॰’ म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे माहीत नाही. शिवाय कुणी ‘रा. रा.’ असं टिंब देऊन शोधलं तर वर्तुळाची ओळ सापडणारच नाही, मग त्या उतरवण्याचा उपयोग काय? दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांचं उत्तर मूळ बदलण्यात नाही, शेजारी दुसरी ओळ देण्यात आहे. साध्या तक्त्यात दोन रकाने करावेत, एकात मूळ आणि दुसऱ्यात वाचन. ग्रंथालयं आणि संशोधक वापरतात त्या टीईआय पद्धतीत तर दोन्ही एकाच जागी ठेवता येतात:

```
<choice><abbr>रा॰</abbr><expan>राजश्री</expan></choice>
```

वाचणाऱ्याला ‘राजश्री’ दाखवता येतं, शोधणाऱ्याला दोन्ही सापडतात, आणि उद्या कुणी म्हणालं की इथे राजश्री नसून राहणार हवं, तर मूळ अक्षर आणि वर्तुळ जागेवर असतं. घरगुती कामाला एवढं करायची गरज नाही. मी वहीच्या नकलेत संक्षेप तसेच ठेवते आणि शेवटी एका पानावर यादी देते: खूण, मला वाटलेला अर्थ, आणि कितपत खात्री आहे ते. ‘ग॰ वि॰’पुढे त्या यादीत मी ‘नाव कळलेलं नाही’ असं लिहिलं आहे.

एवढ्या बारकाव्याला वेळ कुणाकडे आहे, असंही विचारतात. मी मोजून पाहिलं नाही, पण अनुभव सांगते. शब्द पूर्ण करत टाइप करण्यापेक्षा जसंच्या तसं टाइप करणं मला तरी सोपं गेलं, कारण प्रत्येक ठिकाणी थांबून अर्थ लावायचा नव्हता. लाघवचिन्ह एकदा शोधून ठेवलं आणि दोन टिंबं लागोपाठ दिली की ते आपोआप यावं अशी सोय केली, की पुढे हात अडत नाही. वेळ लागतो तो रुजवातीला. मी मोठ्याने वाचते आणि समोर बसलेली बहीण मूळ पान बघते. संक्षेप आला की मी ‘रा, वर्तुळ, रा, वर्तुळ’ असं म्हणते, शून्य आलं की ‘शून्य’ म्हणते. पहिल्या दिवशी आम्हाला हसू येत होतं. तिसऱ्या दिवशी बहिणीने मला मध्येच थांबवलं. मी एका नावापुढे ‘वर्तुळ’ म्हणाले होते आणि पानावर तिथे काहीच नव्हतं. आजोबांनी त्या माणसाचं नाव पूर्णच लिहिलं होतं, ते दोन अक्षरी होतं, आणि मी सवयीने त्याला संक्षेप समजून बसले होते.

वहीची अजून बावीस पानं राहिली आहेत.